निमंत्रणातली दुसरी ओळ

पहिलं निमंत्रण सोळा ओळींचं होतं, आणि ज्या माणसासाठी ते लिहिलं होतं तो त्यात थेट पंधराव्या ओळीत उगवत होता. तोही "संबंधित कामगार बंधूंनी" एवढाच. त्याआधी संस्थेच्या अध्यक्षांना कळवायला आनंद होत होता, उपाध्यक्षांना अभिमान वाटत होता, छातीच्या डॉक्टरीणबाईंच्या पदव्या मालगाडीच्या डब्यांसारख्या एकामागून एक जात होत्या, आणि त्या गर्दीत मध्येच एक निळी लिंक होती: नोंदणीसाठी येथे दाबा. कशाची नोंदणी, ते खाली. कधी आहे, ते त्याच्याही खाली, कंसात.

सचिवांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि तीनदा मोठ्याने वाचून स्वतःच खूश झाले होते. चौदाशे जणांना गेलं. दहा दिवसांत नऊ नोंदण्या आल्या. त्यातले सहा जण संस्थेतलेच, आणि एक तर सचिवांचे साडू.

संस्था छातीच्या आजारांची. खाली दवाखाना, वर ऑफिस, मध्ये एक अरुंद जिना. हल्ली घरोघरी ओट्याला जो चकचकीत कृत्रिम दगड बसवतात तो कापणाऱ्यांसाठी हा वेबिनार ठेवला होता. त्या दगडाची धूळ पिठाहून बारीक. एकदा छातीत गेली की बाहेर येत नाही. फुफ्फुस आतून हळूहळू कडक होत जातं, आणि कडक झालेलं परत मऊ होत नाही. त्यावर औषध नाही. लवकर ओळखायचं आणि धुळीतून बाहेर पडायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. डॉक्टरीणबाई पाऊण तास बोलणार होत्या, पाव तास प्रश्न, आणि नोंदणी करून हजर राहणाऱ्या पहिल्या साठ जणांचा छातीचा स्कॅन फुकट होणार होता. स्कॅनची गाडी चार दिवसांसाठी मोठ्या मिनतवारीने मिळाली होती.

सोळा ओळींत स्कॅन हा शब्दच नव्हता. "अहो, ते वेबिनारमध्ये सांगूच की," सचिव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी नऊचा आकडा ऐकला आणि वर आल्या. बाई अंगाने किरकोळ, पण जिभेला धार. "माझ्या पदव्या वाचून कुणाची छाती बरी होणार आहे का?" त्यांनी विचारलं. "साठ स्कॅन आहेत माझ्याकडे. साठ माणसं द्या मला. तीन आठवडे पुढे ढकला आणि हे निमंत्रण ताईंकडे द्या."

ताई म्हणजे संस्थेची पत्रं, सूचना, माहितीपत्रकं लिहिणारी बाई. वय बेचाळीस. ऑफिसात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, आणि घरीही ती ताईच होती, कारण तिच्या पाठीवर एक भाऊ होता. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून त्याचं नाव बारक्या पडलं. पुढे तो दाराच्या चौकटीएवढा रुंद झाला तरी नाव काही बदललं नाही. बारक्या चौदा वर्षं दगड कापत होता. तोच दगड.

आता कुणी म्हणेल, मग ताईला काळजी नव्हती का? होती. तिने त्याला वर्षापूर्वीच विचारलं होतं. "आमच्याकडे पाणी मारून कापतात गं, धूळ उडतच नाही," तो म्हणाला, आणि ताईने त्यावर विश्वास ठेवला. ज्या गोष्टीवर विश्वास ठेवायला बरं वाटतं तिची कोण चौकशी करतो? शिवाय तिच्या डोळ्यांपुढे ते चौदाशे होते. त्यांच्यापायी तिची झोप उडाली होती, आणि भाऊ तर रोज समोर दिसत होता.

सचिवांना तिने क्रम बदलायचा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांना ते पटेना. "मजकूर तोच ना? मग आधी काय आणि नंतर काय, त्याने काय आभाळ कोसळतंय?"

"साहेब, कामगार हे फोनवर वाचणार, ते पण जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने. मेल उघडायच्या आधी त्याला विषयाची ओळ दिसते आणि तिच्याखाली अर्धी-मुर्धी अजून एक. त्यात अध्यक्षांचा आनंद दिसला तर तो उघडेल का?"

"अध्यक्षांचं नाव काढायचं?"

"काढायचं नाही. शेवटी घालू."

सचिवांनी चेहरा असा केला की जणू अध्यक्षांनाच जिन्याखाली बसवलंय. पण खाली डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांच्यापुढे सचिवांचं काही चालत नसे.

बारक्या कामावरून घरी जाताना ताईकडे चहाला थांबायचा. तिचं घर वाटेवर होतं. दोन खोल्या, तळमजला, दारातच स्वयंपाकाची जागा. त्या दिवशी तो आला, खुर्चीत बसला आणि ताईने चहाच्या आधी त्याच्या हातात फोन दिला.

"पाच मोजेपर्यंत वाच. मग मी काढून घेणार आणि विचारणार."

"परीक्षा आहे का?"

"आहे. वाच."

तिची ही जुनी पद्धत. पाच आकडे मोजायचे, फोन काढून घ्यायचा आणि चार प्रश्न विचारायचे. कशाबद्दल आहे? तुला काय मिळणार? कधी आहे? काय करायचंय? चारही उत्तरं सांगता आली नाहीत, तर मजकूर नापास, माणूस नाही.

पहिल्या मसुद्यात तिने वेळ सगळ्यात वर घातली होती, ठळक अक्षरांत. बुधवार, दुपारी चार ते पाच. पाच मोजून तिने फोन काढून घेतला.

"बुधवारी चार वाजता काहीतरी आहे," बारक्या म्हणाला.

"कशाबद्दल?"

"पुढं वाचलंच नाही. बुधवारी चारला मी मशीनवर असतो. आपल्याला जमायचंच नाही, तर वाचायचं कशाला?"

ताईने कागदावर लिहून घेतलं: वेळ आधी दिली की माणूस आधी 'नाही' म्हणतो. आधी त्याला यावंसं वाटलं पाहिजे, मग कधी ते सांगायचं. आणि वेळही बुधवारची नको. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंकडून रविवार सकाळी अकरा ते बारा करून घेतलं.

दुसऱ्या मसुद्यात लिंक वर होती. तो नुसता हसला. "ही तर लॉटरी लागल्याच्या मेलसारखी झाली. आमच्यातल्या एकाचं अशाच लिंकवर दाबून खातं हॅक झालं. काय आहे ते न सांगता 'दाबा' म्हटलं की आम्ही पुसूनच टाकतो." लिंक शेवटी गेली.

तिसऱ्यात विषय पहिला होता: दगड उद्योगातील व्यावसायिक श्वसनविकारांबाबत जनजागृती.

"हे डॉक्टर लोकांसाठी आहे," बारक्या म्हणाला.

"अरे, तुमच्यासाठीच आहे!"

"मग आमच्यासारखं लिही ना. दगड कापताना धूळ उडते आणि छातीत जाते. एवढंच आहे ना?"

एवढंच होतं. विषयाची ओळ झाली: दगड कापणाऱ्यांसाठी: धूळ आणि तुमची छाती. तिने ती आपल्या फोनवर पाठवून पाहिली. पूर्ण मावत होती, शेवटचा शब्दसुद्धा तुटत नव्हता. ताईला लहान मुलीसारखा आनंद झाला.

नोंदणीच्या अर्जातही त्याने एक खोड काढली. सचिवांनी नाव आणि मोबाईल नंबरच्या खाली "कामाचं ठिकाण" असा रकाना ठेवला होता, भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसे. बारक्याचं बोट तिथे येऊन थांबलं. "इथं सगळे परत फिरणार बघ. मालकाला कळलं तर?" सचिवांना अहवालासाठी तो रकाना हवा होता, ताईने दोन दिवस त्यांच्याशी हुज्जत घातली आणि अखेर रकाना उडवला. मग पायऱ्या तीनच उरल्या. एक, खालच्या निळ्या अक्षरांवर दाबा. दोन, नाव आणि मोबाईल नंबर लिहा. तीन, तुम्हाला एक संदेश येईल, तो जपून ठेवा. रविवारी अकराला त्यातल्याच लिंकवरून आत यायचंय. नोंदणीची लिंक वेगळी आणि आत यायची वेगळी, हे न सांगितल्यामुळे मागच्या एका वेबिनारला निम्मी माणसं दाराबाहेरच राहिली होती.

राहिली ती दुसरी ओळ. विषय वाचून झाल्यावर माणसाला जो प्रश्न पडतो त्याच्या उत्तराची: बरं, मग मला काय त्याचं?

ताई तिथे अडली. "आजाराचं लवकर निदान करून घ्या" असं तिने लिहिलं. बारक्या म्हणाला, "निदान कुणाला हवंय? निदान म्हणजे नोकरी गेली." "आपल्या फुफ्फुसांची काळजी घ्या" असं लिहिलं. "हे तर भिंतीवरच्या पाटीसारखं." तिने आणखी दोन लिहिल्या, त्याही त्याने नाक मुरडून परत केल्या. सातवा दिवस होता. ताई वैतागली. "मग तूच सांग ना, शहाण्या! तू दुसरा कुणी दगड कापणारा असतास, तर काय लिहिलेलं वाचून थांबला असतास?"

बारक्याने कप दोन्ही हातांत धरला होता.  कपाकडे बघत तो म्हणाला, "असं लिही. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. आणि मागून कुणी येत असलं, तर आपण खाली वाकतो, चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखवायला. पट्टा चांगलाच असतो." त्याने एक घोट घेतला. "तो दम वयाचा आहे की धुळीचा, ते कळेल म्हणावं. असं लिहिलंस तर वाचतील."

ताई उडालीच. "वा रे वा! बारक्या, तू माझ्या खुर्चीत बसायला हवास, मी जाते दगड कापायला." तिने टाईप करायला घेतलंसुद्धा. तो हसला, हसता हसता खोकला, बराच वेळ खोकला, आणि म्हणाला चहा ठसकला. ताईची पाठ त्याच्याकडे होती. ती "दाखवावं लागतं" बरं की "दाखवता" बरं, या विचारात होती.

अखेरचं निमंत्रण असं झालं.

दगड कापणाऱ्यांसाठी: धूळ आणि तुमची छाती.

जिना चढताना मध्येच थांबून, चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखवता का? तो दम वयाचा की धुळीचा, हे ओळखायला शिका. हजर राहणाऱ्या पहिल्या साठ जणांचा छातीचा स्कॅन मोफत.

रविवारी सकाळी अकरा ते बारा. घरून, फोनवरच.

त्याखाली तीन पायऱ्या. त्याखाली डॉक्टरीणबाईंचं नाव, एकाच पदवीसह. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, अध्यक्षांचा आनंद.

तिने पाच मोजले. बारक्याने फोन परत दिला आणि न विचारताच चारही उत्तरं सांगितली, घडाघडा, एकही न चुकता. "पास?" त्याने विचारलं.

"पहिल्या वर्गात," ताई म्हणाली.

निमंत्रण चौदाशे जणांना गेलं. पहिल्याच संध्याकाळी एकेचाळीस नोंदण्या, आठवड्यात एकशे त्र्याऐंशी. सचिव सारखे येऊन आकडा विचारायला लागले, आणि अध्यक्षांना फोनवर सांगताना "आम्ही क्रम जरा बदलून पाहिला" असं म्हणायला लागले. ताईने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर ती हवेत होती. एवढ्या वर्षांत तिच्या लिहिण्याने काही हललं असं तिला कधी दिसलं नव्हतं. त्या दिवसांत ती यादी उघडून नुसती मोजत बसायची. नावं वाचली नाहीत तिने, आकडाच पाहिला. हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं.

रविवारी एकशे एकतीस जण आत आले. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला नमस्कार-चमत्कार काही केला नाही. त्यांनी ती दुसरी ओळ वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "असं कुणाकुणाचं होतं, फक्त हो लिहा." पडद्याच्या कडेला हो, हो, हो असे शब्द चढत गेले. ताई संस्थेत बसून ते बघत होती. तिने मोजायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरीणबाई जिना चढून वर आल्या.

"ती चपलेची ओळ कुणाची?"

ताईला शाबासकीची चाहूल लागली. "माझ्या भावाची. त्यानेच सुचवली. सगळे मसुदे त्याच्याकडूनच वाचून घेतले मी."

"काय करतो भाऊ?"

"दगडच कापतो. चौदा वर्षं झाली."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या बसून बोलायला लागल्या की गोष्ट बरी नसते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. "ताई, ही ओळ कुणी सुचवत नाही. हे माझे पेशंट मला चौथ्या-पाचव्या भेटीत सांगतात, तेही बायको बाहेर गेल्यावर. त्याचा स्कॅन कधी आहे?"

"असेलच की यादीत."

"बघा."

ताईने यादी उघडली. एकशे त्र्याऐंशी नावं. तिने भावाचं नाव शोधायच्या चौकोनात घातलं. आलं नाही. आडनाव घातलं. नाही. मोबाईलचे शेवटचे चार आकडे घातले. मग ती पहिल्यापासून एकेक नाव वाचत गेली. बारक्या त्या यादीत नव्हता. त्या निमंत्रणाचा एकूण एक शब्द त्याने वाचला होता, चौदाशे जणांत कुणी वाचला नसेल इतक्यांदा वाचला होता. कुठे दाबायचं, काय लिहायचं, कधी यायचं, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

ती तशीच उठली आणि त्याच्या घरी गेली. तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा. दारात तिला बघून त्याला कळलं असावं, कारण त्याने चहा विचारला नाही.

"नोंदणी का नाही केलीस?"

"अगं, ते लोकांसाठी होतं."

"तू कोण आहेस मग?"

"मी तुला मदत करत होतो, ताई."

"तू बोललास ती ओळ... ते तुझं होतं का?"

बारक्याने मान फिरवली. आत त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली.

"मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशीच कळलं होतं. पुढं वाचलं नाही म्हणालो, पण वाचलं होतं. नाव लिहिलं की खरं होणार, म्हणून नाही लिहिलं."

स्कॅन सोमवारी झाला. यादीतले एक जण आले नव्हते, त्यांची जागा मिळाली. बुधवारी डॉक्टरीणबाईंनी चित्र उजेडावर लावलं आणि बोटाने दाखवलं. दोन्ही फुफ्फुसांत, वरच्या भागात, पांढरे गोळे एकमेकांना चिकटून मोठे झाले होते. श्वासाच्या चाचणीत त्याच्या वयाच्या माणसाला हवी त्याच्या निम्मीही हवा बाहेर आली नव्हती.

"पाणी मारून कापतो म्हणालास ना?" ताईने विचारलं.

"मोठे काप पाण्यात. कडा कोरड्याच घासायच्या. पाण्यात आखलेली रेघ दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी काम आजपासून बंद म्हणून सांगितलं. काम सोडलं तरी हे पुढे सरकत राहील, कमी वेगाने सरकेल अशी आशा, म्हणाल्या. मोठ्या रुग्णालयात फुफ्फुस बदलायच्या यादीत नाव घालू, पण ती यादी फार लांब आहे, आणि तोवर ऑक्सिजन लागेल. बारक्याने एकच विचारलं, "दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" त्यांनी खोटं सांगितलं नाही. बऱ्यापैकी छाती वाचली असती, म्हणाल्या. तो मान डोलवून उठला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

ताईचा जीव नुसता तुटत होता. तिने निमंत्रणाचे सातही मसुदे काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकावर तिच्या अक्षरात बारक्याची उत्तरं होती. वेळ नको आधी. लॉटरीसारखं. डॉक्टर लोकांसाठी. निदान म्हणजे नोकरी गेली. तिने हे सगळं मजकुरावरचं मत म्हणून लिहून घेतलं होतं. एक माणूस सात दिवस तिच्यासमोर बसून तिला स्वतःबद्दल सांगत होता आणि ती त्याची वाक्यं सुधारत होती! सचिव मागून आले, ते कागद बघून म्हणाले, "हे जपून ठेवा हो, पुढच्या वेबिनारला कामाला येतील." ताईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बाहेर जायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी ती भावाकडे गेली तेव्हा त्याच्या दुकानातला पॉलिशवाला आला होता. वयाने मोठा, केस पांढरे, ते धुळीने की वयाने कुणास ठाऊक. बाहेरच्या खोलीत खाटेच्या कडेला अवघडून बसला होता. बारक्या आत पडला होता, नाकाला नळी.

"तुम्हीच ना ताई?" पॉलिशवाला म्हणाला. "तुमचे आभार मानायचे होते. आमच्या दुकानातले आम्ही नऊही जण होतो त्या दिवशी फोनवर. दोघांच्यात निघालं, पण सुरुवातीचं. काम सोडलं त्यांनी. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आलात."

"निमंत्रण मिळालं होतं ना तुम्हाला?"

"ते आलं होतं हो, पण आम्ही कुठले भरतोय! ह्याने भरायला लावलं. जेवणाच्या सुट्टीत एकेकाचा फोन हातात घेऊन, इथं दाब, इथं नाव लिही, आता संदेश येईल तो ठेव. मला तर चष्म्याशिवाय दिसत नाही, माझं त्यानेच टाईप केलं." त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आम्ही म्हटलं, तुझं रे? तर म्हणाला, माझी ताईच तर हे सगळं बघते. माझं घरच्या घरी झालं."

तो गेल्यावर ताई आणि भावजय स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. भावजय पोरीच्या वयाची नव्हे, चौतिशीची बाई, पण त्या पंधरा दिवसांत तिचा चेहरा उतरून वेगळाच झाला होता. तिने ओट्यावरची भांडी एका बाजूला सारली. तिला भांडायचं नव्हतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"ताई, हे रोज तुमच्याकडे यायचे. तासभर बसायचे. घरी उशीर व्हायचा तर मी चिडायचे. तर हे म्हणायचे, ताईचं फार महत्त्वाचं काम चाललंय. तुम्ही रोज तेच लिहीत होतात, छाती, धूळ, दम. तुम्हाला नाही का दिसलं?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. दिसतं कुठे, आतला आजार, असं काहीतरी. "मी त्याला रोज विचारत होते," ती म्हणाली. "कशाबद्दल आहे, काय मिळणार, कधी आहे, काय करायचंय. कळलं का, कळलं का म्हणून. त्याला काय होतंय, ते एकदाही नाही विचारलं."

भावजयीने पदराने हात पुसले. 

"मग आता विचारा," ती म्हणाली. "मला तर ते अजून काही होत नाही म्हणूनच सांगतात."

ताई आत गेली. बारक्या उशीला टेकून बसला होता, डोळे उघडे. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसली. हातात फोन नव्हता, कागद नव्हता.

"बारक्या, खूप दम लागतो का रे?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग चाळीशीला आलेला तो माणूस लहान पोरासारखा रडला, आणि रडताना मध्येच त्याला श्वास पुरेना म्हणून थांबला.

"लागतो गं ताई," तो म्हणाला. "झोपेतसुद्धा लागतो."